लॉगिन केलं, पण घर आलं नाही: टॅब रिसेट करण्याआधी खेळाचा बॅकअप कसा घ्यायचा

मे महिन्यात राजापूरला घरी पोचले तेव्हा पडवीत दोन मुलं एका टॅबसमोर मांडी घालून बसली होती आणि दोघंही एकमेकांशी बोलत नव्हती. ओम माझ्या बहिणीचा मुलगा, वय बारा. सई भावाची मुलगी, त्याच्याहून वर्षाने लहान. म्हणजे एकाची मी मावशी आणि एकीची आत्या, त्यामुळे दोन्हीकडची फिर्याद माझ्याकडेच आली.

"आत्या, याने आपलं घर पुसून टाकलं," सई म्हणाली.

दोन वर्षं, दर मे महिन्यात आणि दिवाळीत, ही दोघं माइनक्राफ्टमध्ये आमचं हे राजापूरचं घर बांधत होती. जांभ्याच्या भिंतींसाठी केशरी टेराकोटा, कौलांसाठी विटांच्या पायऱ्या, पडवी, माजघर, मागे न्हाणीघर. त्या जगाचं नाव `Aajol`. टॅब आजोबांचा, पण तो खेळायला ओमच्या ताब्यात. सई तिच्या आईच्या फोनवरून घरच्या वायफायवर त्याच्याच जगात शिरायची. या मे महिन्यात त्यांनी मागच्या दारी विहीर खोदली होती, कुंपणाच्या लाकडांचा रहाट लावून. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ओमने टॅब फॅक्टरी रिसेट केला.

कारण अगदी साधं होतं. टॅब सारखा "जागा शिल्लक नाही" म्हणायचा आणि अडकायचा. सेटिंगमध्ये शोधता शोधता त्याला `Erase all data` सापडलं. त्या पानावर काय काय पुसलं जाईल त्याची यादीही होती. ती त्याने वाचली होती, हे विशेष.

"पण माझं अकाउंट आहे ना, मावशी. लॉगिन केलं की सगळं परत येतं."

त्याने लॉगिन केलंही होतं. खेळ प्ले स्टोअरवरून पुन्हा फुकट उतरला, कारण तो त्याच गूगल अकाउंटवर विकत घेतलेला होता. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने आत गेल्यावर त्याचं नाव आलं, मित्रांची यादी आली, मिळवलेल्या अचिव्हमेंट्स आल्या, मार्केटप्लेसमधून घेतलेला एक टेक्स्चर पॅकसुद्धा आला. जगांची यादी मात्र रिकामी. सगळं येतं आणि नेमकं हवं तेवढंच येत नाही, म्हणून त्याला वाटत होतं की अजून काहीतरी डाउनलोड होतंय. तो तासभर वाट बघत बसला होता.

माझा पोटापाण्याचा धंदा सर्व्हर सांभाळण्याचा आहे. ऑफिसात मी बॅकअपवरून लोकांचं डोकं खाते, आणि घरच्या टॅबकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तेव्हा पुढचे दोन दिवस जे केलं ते क्रमाने लिहिते. उदाहरण अँड्रॉइडवरच्या माइनक्राफ्टचं आहे.

आधी: कुठली गोष्ट कुठे राहते

ओमची चूक समजून घेतली की निम्मं काम होतं. खेळातल्या गोष्टी एकाच ठिकाणी नसतात. माइनक्राफ्टमध्ये तुम्ही कोण आहात, काय विकत घेतलंत, काय मिळवलंत हे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर अकाउंटच्या नावावर असतं. पण तुम्ही बांधलेलं जग हा फायलींचा एक गठ्ठा असतो आणि तो फक्त त्या टॅबमध्ये असतो. लॉगिन केल्याने तो वर चढत नाही. पैसे भरून रील्म्स घेतलेलं असेल तर त्यातलं जग सर्व्हरवर असतं, पण ते यांच्याकडे नव्हतं.

सईला मी विचारलं, तुझ्या फोनवर काही असेल का? ती दोन वर्षं त्याच जगात वावरत होती, तेव्हा प्रश्न रास्त होता. उत्तर नाही असंच आलं. दुसऱ्याच्या जगात पाहुणे म्हणून गेलात, तर ते जग यजमानाच्याच उपकरणात असतं. तुमच्या फोनला तेवढ्यापुरतं चित्र दिसतं, फायली मिळत नाहीत. "म्हणजे मी त्याच्याकडे राहायला जात होते," सई म्हणाली, आणि याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

सगळेच खेळ असे नसतात. क्लॅश ऑफ क्लॅन्ससारख्या खेळात गावच मुळी कंपनीच्या सर्व्हरवर असतं. टॅब विहिरीत पडला तरी गाव जागेवर राहतं. तिथे धोका वेगळा: ते गाव सुपरसेल आयडीला, म्हणजे त्या कंपनीच्या अकाउंटला, जोडलेलं नसेल तर ते आपलंच आहे हे नव्या टॅबवर दाखवणं अवघड जातं. तिसरा प्रकार मधला. खेळ टॅबमध्ये चालतो, पण त्याची छोटीशी सेव्ह फाइल गूगल प्ले गेम्समार्फत किंवा कंपनीच्या स्वतःच्या अकाउंटमार्फत वर जाते. ओमचा एक गाड्यांचा खेळ असाच होता. तो आपोआप होता तिथून सुरू झाला, आणि त्यामुळे ओमची समजूत आणखी पक्की झाली होती.

आपला खेळ यातल्या कुठल्या प्रकारचा, हे ओळखायची पहिली चाचणी सोपी आहे. एअरप्लेन मोड लावा आणि खेळून बघा. नेटशिवाय खेळ सुरूच होत नसेल, तर तुमची प्रगती बहुधा सर्व्हरवर आहे. नेटशिवाय मजेत चालत असेल तर ती टॅबमध्ये आहे, आणि वर कुठे तिची नक्कल जाते का ते वेगळं तपासावं लागेल. त्याची एकच खात्रीची रीत आहे: दुसऱ्या फोनवर तो खेळ टाकायचा, त्याच अकाउंटने आत जायचं आणि आपली प्रगती दिसते का ते डोळ्यांनी पाहायचं. ओमने रिसेटच्या आधी सईच्या आईच्या फोनवर स्वतःच्या अकाउंटने पाच मिनिटं लॉगिन करून पाहिलं असतं, तर यादी रिकामी आहे हे तेव्हाच कळलं असतं.

गूगलचा बॅकअप चालू होता, मग?

हा प्रश्न माझ्या भावाने विचारला आणि तोही बरोबर होता. आजोबांच्या टॅबवर सेटिंगमध्ये `Google`, त्यात `Backup`, हे चालू होतं. काही टॅबवर ते थोडं आत, `All services` मध्ये असतं.

हा बॅकअप खरा आहे आणि उपयोगाचाही आहे. पण त्यात अ‍ॅपचा डेटा किती जाईल याला मर्यादा आहे. अँड्रॉइड 6 पासून आलेल्या या सोयीत प्रत्येक अ‍ॅपला 25 एमबी मिळतात. त्याहून जास्त डेटा असेल तर त्यातला थोडासा जातो असं नाही. त्या अ‍ॅपचा बॅकअप पुढे होतच नाही. शिवाय अ‍ॅप बनवणारा हवं तर आपलं अ‍ॅप यातून पूर्ण वगळू शकतो, आणि बरेच जण वगळतात. दोन वर्षं बांधलेलं जग 25 एमबीत मावत नाही. तेव्हा बॅकअप चालू असल्याचं बटण निळं दिसतं, पण आपल्या कामाचं त्यात काहीच नसतं.

आणखी एक गोष्ट म्हणजे हा बॅकअप केव्हा होतो. टॅब चार्जिंगला लावलेला, वायफायवर आणि वापरात नसलेला असावा लागतो, आणि आधीच्या बॅकअपला चोवीस तास होऊन गेलेले असावे लागतात. आमच्याकडे टॅब रात्री चार्जिंगला लागायचा, पण वीज वाचावी म्हणून आजोबा झोपताना वायफायचं बटण बंद करायचे. शेवटचा बॅकअप कधीचा आहे ते त्याच पानावर लिहिलेलं असतं, आणि `Back up now` हे बटणही तिथेच असतं. रिसेट करायचाच असेल तर ते दाबून, तारीख आजची झालेली पाहून मगच पुढे जावं.

या बॅकअपमधून परत घेण्याची संधी रिसेटनंतर टॅब पहिल्यांदा सुरू करताना मिळते. "जुन्या उपकरणातून डेटा आणायचा का" असं विचारतात तिथे घाईघाईने `Skip` केलंत, तर नंतर ते पान सहजासहजी परत मिळत नाही. बहुतेक वेळा पुन्हा रिसेट करून यावं लागतं. आणि तिथे जुन्या टॅबचा स्क्रीन लॉकचा पिन मागतात. अँड्रॉइड 9 पासून हा बॅकअप त्या पिननेच कुलूपबंद केलेला असतो. पिन विसरलात, तर बॅकअप असून नसल्यासारखा. टॅब फार दिवस कपाटात पडून राहिला तर बॅकअप काही आठवड्यांनी पुसला जातो, हेही लक्षात असू द्या. दोन सुट्ट्यांच्या मध्ये बंद राहणाऱ्या आजोळच्या टॅबला हे नेमकं लागू पडतं.

पुसलेलं परत काढता येतं का?

ओमने तोवर "रिकव्हरी" नावाची दोन अ‍ॅप टाकली होती. ती काढून टाकायला लावली. पूर्वीच्या कॉम्प्युटरमध्ये फाइल पुसली की फक्त तिची नोंद जायची, मजकूर तिथेच राहायचा, आणि तो खरवडून काढता यायचा. आताच्या अँड्रॉइडमध्ये सगळा डेटा मुळातच कुलूपबंद स्वरूपात लिहिलेला असतो आणि किल्ली टॅबच्या आत असते. फॅक्टरी रिसेट ती किल्लीच नष्ट करतो. मागे राहिलेला मजकूर चिपमध्ये कुठे असलाच तरी तो निरर्थक अक्षरांचा ढिगारा असतो. गावातल्या मोबाइलवाल्याने प्रामाणिकपणे "ताई, नाही होणार" म्हणून सांगितलं. "होईल, पाच हजार लागतील" असं सांगणारे भेटतात, त्यांच्यापासून दूर राहा.

मेमरी कार्डाची गोष्ट तेवढी वेगळी. टॅबमध्ये कार्ड साधं म्हणून वापरत असाल तर रिसेट त्याला सहसा हात लावत नाही. तरी मी ते आधी काढूनच ठेवते. पण कार्ड टॅबच्या अंगभूत मेमरीत मिसळून टाकलेलं असेल, तर त्याची किल्लीही टॅबमध्येच असते आणि रिसेटनंतर ते कार्ड कुठेच वाचता येत नाही.

जुनी प्रत सापडते

दुसऱ्या दिवशी सकाळी आंबोळी खाताना सईला आठवलं. दिवाळीत ओमने ते घर त्याच्या बाबांना लॅपटॉपवर दाखवायचं म्हणून "काहीतरी पाठवलं होतं". बाबांना व्हॉट्सअ‍ॅपवर शोधायला सांगितलं. भाऊबीजेच्या दिवशीच्या गप्पांमध्ये, ओवाळणीच्या फोटोंच्या खाली ती होती: `Aajol.mcworld`, 86 एमबी.

ती फाइल त्यांनी बॅकअप म्हणून काढलीच नव्हती, पण दुसऱ्या जागी ठेवलेली ती एकमेव प्रत होती. म्हणून तीच आमच्या पुढच्या धड्याचं पाठ्यपुस्तक झाली.

`.mcworld` म्हणजे दुसरंतिसरं काही नसून झिप केलेला फोल्डर असतो. मी लॅपटॉपवर तिची एक नक्कल करून शेवट `.zip` असा बदलला आणि दोघांसमोर उघडली. आत `level.dat` होती. तिच्यात जगाचं बी, म्हणजे ज्या आकड्यावरून ते जग तयार होतं तो, तुम्ही निवडलेले नियम, वेळ वगैरे असतं. `levelname.txt` मध्ये एकच शब्द: Aajol. `world_icon.jpeg` मध्ये यादीत दिसणारं छोटं चित्र, त्यात पडवीचा कोपरा दिसत होता. आणि `db` नावाचा फोल्डर. ज्या भागात तुम्ही फिरलात, तिथला एकेक ठोकळा आणि पेटीतली एकेक वस्तू या फोल्डरमध्ये नोंदलेली असते. 86 एमबीतला जवळजवळ सगळा भार त्याचाच. ओमने कधी कल्पना केली नव्हती की त्याचं घर असं एका फोल्डरमध्ये बसतं. सई म्हणाली, "म्हणजे हे पेनड्राइव्हवरपण मावेल?" मावेल.

जग परत आणणं हे सगळ्यात सोपं निघालं. बाबांनी फाइल पाठवली, ती टॅबवर उतरवली, फाइल मॅनेजरमध्ये तिच्यावर बोट ठेवलं, माइनक्राफ्टने उघडायचं निवडलं. खेळ आधी `Level import started` म्हणाला आणि थोड्या वेळाने काम फत्ते झाल्याचं. यादीत `Aajol` दिसलं.

इथे दोन अडचणी हमखास येतात. व्हॉट्सअ‍ॅपने किंवा ब्राउझरने उतरवताना नावाला कधी कधी `.zip` चं शेपूट लागतं आणि मग टॅबला ती माइनक्राफ्टची फाइल आहे हे कळत नाही. नाव बदलून शेवटी फक्त `.mcworld` ठेवलं की काम होतं. दुसरी अडचण खेळाच्या आवृत्तीची. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेलं जग जुन्या आवृत्तीत उघडत नाही, उलट मात्र चालतं. म्हणून आधी खेळ अपडेट करा, मग फाइल आणा.

घर आलं. माजघर होतं, कौलं होती, न्हाणीघर अर्धवट. विहीर नव्हती. दिवाळी ते मे एवढ्या काळातलं सगळं गेलं होतं, आणि या मे महिन्यात केलेलं कामच सगळ्यात जास्त होतं. ओम मागच्या दारी जाऊन त्या सपाट गवताकडे बघत उभा राहिला, आणि सईने त्याला पहिल्यांदा "जाऊ दे" म्हटलं.

बॅकअप किती जुना आहे, तेवढंच आपलं नुकसान. आमच्या ऑफिसात यालाच मोठं नाव आहे, पण मुलांना मी विचारलं ते असं: आज टॅब गेला तर किती दिवसांचं काम पुन्हा करायला चालेल? ओम म्हणाला एक दिवस. सई म्हणाली एक आठवडा, कारण रोज बॅकअप घ्यायचा तिला कंटाळा. सुट्टीत रोज बांधकाम चालतं तेव्हा रोज संध्याकाळी, आणि शाळा असताना खेळ झालाच तर त्या रविवारी, असा तह झाला.

बॅकअप घ्यायची आमची पद्धत

जगातून बाहेर पडायचं. नुसतं होम बटण दाबून नाही. खेळ थांबवून `Save & Quit` करायचं. जग चालू असताना `db` मधल्या फायली सतत लिहिल्या जात असतात. कुणी फोल्डरची कॉपी त्याच वेळी केली, तर अर्ध्या वाक्यात पान फाडल्यासारखी प्रत मिळते.

मग जगांच्या यादीत नावाशेजारच्या पेन्सिलवर बोट ठेवायचं आणि त्या पानावर खाली जाऊन `Export World` दाबायचं. त्याच्याच आसपास `Copy World` नावाचं बटणही असतं. ओम ते दाबून मोकळा होणार होता. त्याने जगाची नक्कल होते खरी, पण त्याच टॅबमध्ये. काही तोडफोड करून बघायची असेल तर ती उपयोगी आहे, रिसेटपुढे दोन्ही नकला एकदमच जातात.

फाइल निघाली की तिचं नाव बदलायचं. नुसतं `Aajol.mcworld` ठेवलंत, तर पुढच्या वेळी त्याच नावाची दुसरी येणार, मग कंसातले एक-दोन-तीन आकडे लागणार, आणि महिन्याभराने कुठली कधीची ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आम्ही असं ठरवलं:

```
Aajol-2025-05-18.mcworld
```

वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. असं लिहिलं की नावानुसार लावलेली यादी आपोआप तारखेनुसार लागते.

ही फाइल गूगल ड्राइव्हवर `Aajol backup` नावाच्या फोल्डरमध्ये चढवायची. फुकटात 15 जीबी मिळतात, पण ते जीमेल आणि फोटोंसकट, त्यामुळे अशा जुन्या फायलींचा ढीग करत बसायचं नाही. शेवटच्या पाच ठेवायच्या, आणि त्याशिवाय दर महिन्याची एक. रविवारी तीच फाइल बाबांच्या लॅपटॉपवरही जाते. म्हणजे एक टॅबमध्ये, एक लॅपटॉपवर आणि एक घराबाहेर, ड्राइव्हवर. सर्व्हरवाले लोक याला 3-2-1 म्हणतात: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी.

ड्राइव्हवर प्रत्येक वेळी नव्या तारखेची नवी फाइल का, जुनीच बदलत का नाही, असं ओमने विचारलं. समजा एका दिवशी जग बिघडलं, किंवा एखाद्या चुलत भावाने येऊन घराला आग लावली, आणि तुम्ही त्याच संध्याकाळी इमानदारीने तीच एक फाइल बदललीत. आता तुमच्याकडे जळक्या घराचा उत्तम बॅकअप आहे. सिंक आणि बॅकअप यांतला फरक हाच. सिंक म्हणजे आरसा: इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. ड्राइव्हवरून चुकून उडवलेली फाइल `Trash` मध्ये तीस दिवस राहते, तेवढाच काय तो दिलासा.

घरात कॉम्प्युटर हाताळणारं कुणी असेल, तर सगळी जगं एकदम लॅपटॉपवर ओढता येतात. टॅबवर यूएसबी डिबगिंग चालू करून, खेळ पूर्ण बंद करून, टॅब केबलने जोडून, लॅपटॉपवरच्या adb या साधनाने:

```
adb pull /sdcard/Android/data/com.mojang.minecraftpe/files/games/com.mojang/minecraftWorlds
```

यात प्रत्येक जगाचा फोल्डर वेगळा येतो आणि त्याची नावं अगम्य अक्षरांची असतात. कुठला कुणाचा ते आतल्या `levelname.txt` वरून कळतं. हे सगळ्याच टॅबवर चालेल असं नाही, खेळ फायली कुठे ठेवतो त्याच्या सेटिंगवर ते अवलंबून आहे. मुलांसाठी `Export World` पुरे.

घेतलेला बॅकअप उघडून बघणं

यावर मी थोडी हट्टी आहे. ऑफिसात मी असे बॅकअप पाहिलेत, जे दोन वर्षं रोज रात्री नेमाने होत होते आणि गरज पडली तेव्हा आत काहीच नव्हतं. म्हणून मुलांना तीन गोष्टी तपासायला लावल्या. आकार बघा. काल 90 एमबी होती आणि आज 4 एमबी झाली, तर घर लहान झालेलं नाही, फाइल अर्धवट चढली आहे. मग झिप म्हणून उघडा, `level.dat` आणि `db` आत आहेत ना पाहा. आणि महिन्यातून एकदा ती ड्राइव्हवरून दुसऱ्याच फोनवर उतरवून खेळात उघडा. हे काम सईकडे, कारण फोन तिच्या आईचा.

तिने पहिल्याच वेळी एक घोळ पकडला. आणलेलं जग जुन्या जागी बसत नाही. ते यादीत नवीन म्हणून येतं, त्याच नावाने. ओमच्या टॅबवर तपासण्यासाठी आणलेलं एक आणि चालू असलेलं एक, अशी दोन `Aajol` झाली होती आणि तो दुपारभर तपासणीच्या प्रतीत बांधकाम करत बसला होता. आता तपासायला आणलेल्या जगाचं नाव लगेच बदलून `Aajol TEST` करायचं आणि पाहून झालं की ते पुसून टाकायचं. पुसण्याआधी नाव दोनदा वाचायचं.

आणि रिसेट करायचाच असेल तर

खरं तर आजोबांच्या टॅबला रिसेटची गरजच नव्हती. जागा खाल्ली होती ती व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सुप्रभातच्या व्हिडिओंनी. सेटिंगमध्ये `Storage` उघडलं असतं तर ते पहिल्याच ओळीत दिसलं असतं. तिथे अ‍ॅपच्या पानावर दोन बटणं शेजारी शेजारी असतात, त्यांतलं `Clear cache` निरुपद्रवी आहे. `Clear storage`, काही टॅबवर `Clear data`, हे मात्र त्या एका अ‍ॅपपुरतं छोटं फॅक्टरी रिसेटच आहे. माइनक्राफ्टवर ते दाबलंत, किंवा खेळ अनइन्स्टॉल केलात, तरी जगं जातात.

तरीही वेळ आलीच, तर आमच्या फ्रिजवर सईच्या अक्षरात आता एक कागद आहे. सगळे खेळ दुसऱ्या फोनवर लॉगिन करून पाहिले का. जगं एक्स्पोर्ट करून ड्राइव्हवर गेली का आणि तिथून उघडली का. `Back up now` केलं का, तारीख आजची आहे का. आजोबांच्या गूगल अकाउंटचा पासवर्ड कुणाला आठवतो का. हा शेवटचा मुद्दा गमतीचा नाही: रिसेटनंतर टॅब आधीच्या अकाउंटचा पासवर्ड किंवा जुना पिन मागू शकतो, चोरापासून संरक्षण म्हणून, आणि तो नसेल तर आपलाच टॅब आपल्याला आत घेत नाही. कार्ड काढलं का. बॅटरी निम्म्याहून जास्त आहे का. आणि मोठ्या माणसाला सांगितलं का, हे तिने लाल पेनाने लिहिलंय, ओमकडे बघत.

मी निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी विहीर पुन्हा खोदायला घेतली. पहिली नेमकी कुठे होती यावर दोघांचं जुंपलं. ओम म्हणे न्हाणीघराच्या उजवीकडे, सई म्हणे मागे. माझी आई भाजी निवडत होती, ती उठली, टॅबमध्ये डोकावली आणि म्हणाली, "अरे, दोन्हीकडे नाही. आपली विहीर पुढच्या अंगाला, फणसाखाली. मागे कधी होती?"

ती तिथे खोदून झाली तेव्हा साडेआठ वाजले होते. ओम `Save & Quit` करायला गेला आणि सई ड्राइव्ह उघडून बसली.